पासबुकातले 239 रुपये

हळदीच्या हंगामात वसमत तालुक्यातल्या एका घरी पत्र्याची पेटी उघडली गेली. तिच्यात सात-बाराच्या जुन्या नकला आणि मोंढ्यातल्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या खाली स्टेट बँक ऑफ हैदराबादचं एक पासबुक. आजोबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नातू एकेक ओळ वाचून दाखवत होता. जून 2009 च्या शेवटच्या तारखेपाशी तो थांबला. "आबा, इथं 239 रुपये जमा झालेत. क्रेडिट इंटरेस्ट असं लिहिलंय."

"मह्या खात्यात हे कोण टाकलं रं?" आजोबांनी विचारलं. नातवाने व्याज असल्याचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग ते तर आपण घेतलंच नाही. बुडालं आता. ती बँकही राहिली नाही."

आजोबा, नातू आणि त्यांचे आकडे मी समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. बँकेचे नियम मात्र खरे आहेत. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जुनी पासबुकं निघतात तेव्हा आजोबांच्या तोंडची ही तीन वाक्यं घरोघर ऐकू येतात, म्हणून ती एकेक करून तपासू.

"व्याज घेतलंच नाही"

बचत खात्याचं व्याज वेगळं मागून घ्यायचं नसतं. जमा झाल्या दिवशीच ते शिलकीत मिसळतं. नातवाने जमेचा रकाना वाचला, पण खरी गोष्ट त्याच्या शेजारच्या शिल्लक रकान्यात होती. व्याजाच्या आधी शिल्लक 17,000 होती आणि त्या ओळीवर ती 17,239 झाली. म्हणजे ते 239 रुपये तेव्हाच मुद्दल झाले आणि पुढच्या सहामाहीपासून त्यांच्यावरही व्याज चालू झालं. नातू बँकेत जाऊन "2009 चं व्याज द्या" म्हणाला, तर देण्यासारखं वेगळं काही नसेल. त्याने विचारायचं ते खात्यात आज किती शिल्लक आहे हे.

आजोबांची खरी तक्रार वेगळीच निघाली. त्या उन्हाळ्यात हळदीचे चांगले पैसे खात्यात होते, मग व्याज एवढंसं कसं?

याचं उत्तर 31 मार्च 2010 पर्यंत चाललेल्या एका नियमात आहे, आणि तो आज फार थोड्यांना आठवतो. तेव्हा व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नसे. प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचं व्याज धरत. दर त्या काळी रिझर्व्ह बँकच ठरवत असे आणि तो साडेतीन टक्के होता.

आता आजोबांची सहामाही पाहू. जानेवारीपासून खात्यात 12,000 रुपये होते. 13 एप्रिलला पट्टीचे 30,000 भरले, शिल्लक 42,000 झाली. 27 मेला बी-खतासाठी 25,000 काढले, उरले 17,000. एप्रिलमध्ये पैसे भरले खरे, पण 10, 11 आणि 12 तारखेला खात्यात 12,000 च होते, म्हणून एप्रिलचं व्याज 12,000 वर. मे महिन्यात 26 तारखेपर्यंत 42,000 होते, पण अखेरचे पाच दिवस 17,000 राहिले, म्हणून मेचं व्याज 17,000 वर. सहा महिन्यांच्या किमान शिलकींची बेरीज 82,000 होते. तिला साडेतीन टक्के लावून बाराने भागलं की 239 रुपये येतात.

काढलेले 25,000 रुपये बँकेत 44 दिवस होते. त्यांच्यावर एक रुपयाही मिळाला नाही. आजोबांनी तीन दिवस आधी भरणा केला असता, किंवा पैसे काढणं पाच दिवस लांबवलं असतं, तर आकडा वाढला असता. पण पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने बँकेच्या तारखा पाहून खत घ्यायचं का? मला हा नियम छोट्या ठेवीदारावर अन्याय करणाराच वाटतो. हाताने लिहिलेल्या खातेवह्यांमध्ये हजारो खात्यांची रोजची शिल्लक मांडणं अवघड होतं, हे त्यामागचं कारण. संगणक आले तसं ते कारण उरलं नाही, आणि 1 एप्रिल 2010 पासून व्याज रोजच्या शिलकीवर धरायला लागले. याच सहामाहीला ती पद्धत लावली तर सुमारे 352 रुपये होतात. पण नियम मागे जाऊन लागू होत नाही, त्यामुळे तो फरक आज मागता येत नाही.

"ती बँकच राहिली नाही"

स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. विलीनीकरणात खाती, ठेवी आणि देणी नव्या बँकेकडे जातात. पाटी बदलली तरी ठेवीदाराचा पैसा त्याचाच राहतो. आजोबांचं जुनं पासबुक घेऊन स्टेट बँकेत जायचं, एवढंच.

"बुडालं आता"

27 मे 2009 नंतर आजोबांनी या खात्याला हात लावला नाही. दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय धरलं जातं. बँकेने टाकलेलं व्याज हा खातेदाराचा व्यवहार मोजला जात नाही, म्हणून व्याज जमा होत असूनही खातं निष्क्रिय होतं. अनेकांचा घोळ इथेच होतो. निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे, आणि निष्क्रिय बचत खात्यावरही व्याज चालूच राहतं.

दहा वर्षं उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. ही योजना 2014 सालची. "सरकारजमा झालं" असं लोक म्हणतात ते याच्याचबद्दल, पण पैशावरचा हक्क संपत नाही आणि दाव्याला मुदतही नाही. दावा आपल्याच बँकेत करायचा. बँक खातेदाराला पैसे देते आणि मग स्वतः निधीकडून वसूल करते. निधीत गेल्यावरही बचत खात्याच्या रकमेवर व्याज मिळतं: 1 जुलै 2018 पासून साडेतीन टक्के, 11 मे 2021 पासून तीन टक्के, तेही सरळव्याज.

आजोबांच्या 17,239 रुपयांचा, मध्ये कुठलं शुल्क कापलं गेलं नसेल तर, 2019 च्या मध्यापर्यंत पंचवीस हजारांच्या आसपास आकडा होतो. शुल्क कापलं गेलं का, हे पासबुकावरून कळणार नाही. पासबुक शेवटचं छापलं तिथेच थांबतं, त्यातली शेवटची शिल्लक ही आजची शिल्लक नसते. त्यासाठी शाखेतून खातेउतारा मागावा लागतो.

जाताना आधार, पॅन, फोटो आणि जुनं पासबुक न्यायचं. खातं पुन्हा चालू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही. पासबुकच हरवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर, म्हणजे udgam.rbi.org.in वर, खातेदाराचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखी एक ओळख देऊन शोध घेता येतो. तिथे फक्त ठेव कुठे आहे ते समजतं, पैसे शाखेतूनच मिळतात. जुन्या खात्यात नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने असेल, तर शोध रिकामा येऊ शकतो. मग जुन्या स्पेलिंगने पुन्हा शोधायचं.

खातं चालू झालं की आजोबांना नवं पासबुक मिळेल आणि त्याच्या पहिल्या ओळीवर मागील शिलकीचा एकच आकडा असेल. 239 त्यात वेगळे दिसणार नाहीत. म्हणून नातवाने जुनं पासबुक त्या पट्ट्यांसोबत पेटीत परत ठेवावं.