फोटोतली नोटीस आणि शीटमधले चार रकाने

दिवे लागल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टीचा निरोप येतो, ‘साहेब, हे काय आलंय बघा.’ खाली एक फोटो असतो. टेबलावरचा कागद, त्यावर फोन धरलेल्या हाताची सावली आणि उजवा काठ चौकटीबाहेर गेलेला. प्राप्तिकर खात्याची नोटीस. करसल्लागाराच्या ऑफिसात अशा प्रत्येक नोटिशीची एक ओळ शीटमध्ये जाते. त्या ओळीत चार रकाने चुकून चालत नाहीत: मागणीची रक्कम, कलम, असेसमेंट इयर आणि उत्तराची शेवटची तारीख. चारही गोष्टी कागदावर असतीलच, फक्त उतरवून घ्यायच्या, असं नव्या माणसाला वाटतं. यातली एक तर बहुतेक वेळा कागदावर छापलेलीच नसते.

सगळ्यात जास्त येणारा प्रकार घेऊ. बंगळुरूच्या सी.पी.सी. केंद्रातून येणारं कलम १४३(१)चं इंटिमेशन, म्हणजे भरलेल्या विवरणपत्राचा खात्याने लावलेला हिशेब. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण फोटो नेहमी येतात तसाच. पगारदार माणूस आहे, असेसमेंट इयर २०२३-२४, कागदावरची तारीख 05/06/2024. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कर ६२,४०० रुपये आणि टी.डी.एस.ही तेवढाच, म्हणजे देणं शून्य. खात्याच्या नोंदीत मात्र टी.डी.एस. ४६,००० रुपयेच दिसतो.

या कागदावर दोन उभे रकाने शेजारी शेजारी असतात: तुम्ही विवरणपत्रात काय दाखवलं आणि खात्याने काय काढलं. फोटो तिरका असेल तर ओळी सरकतात. मजकूर उचलणाऱ्या अ‍ॅपने वाचलं, तर दोन्ही रकान्यांचे आकडे एकाच ओळीत मिसळून येतात. म्हणून शेवटची ‘देय रक्कम’ नुसती उतरवून घेऊ नये, ती वरच्या आकड्यांवरून पुन्हा काढावी. कर ६२,४००, व्याज ३,२८४, एकूण ६५,६८४. त्यातून ४६,००० गेले, राहिले १९,६८४. कायद्यानुसार ही रक्कम जवळच्या दहाच्या पटीत नेतात, म्हणून कागदावर १९,६८० दिसली पाहिजे. वजाबाकी जुळली की एकाच वेळी चार आकडे बरोबर वाचले गेल्याची खात्री होते. मागणीचा शेवटचा अंक शून्य नसेल, तर वाचण्यात काहीतरी चुकलंय असं समजून फोटो पुन्हा पाहावा.

दुसरी चूक रुपयाच्या चिन्हाची. मजकूर वाचणाऱ्या अ‍ॅपला ते चिन्ह कधी 2 वाटतं, कधी 7. मग `₹19,680` चं `219,680` होतं आणि पार्टीच्या नावावर दोन लाख जास्त चढतात. ही चूक पकडायला स्वल्पविराम पाहायचा. आपल्याकडे दोन लाख एकोणीस हजार `2,19,680` असे लिहितात. हजाराच्या स्वल्पविरामाआधी तीन अंक सलग दिसले की पहिला अंक म्हणजे बहुधा रुपयाचं चिन्ह. शीटमध्ये टाकताना स्वल्पविराम काढून टाकण्याची सवय अनेकांना असते. ती तपासणी झाल्यानंतर करावी, आधी नाही.

कलमाच्या रकान्यात गोंधळ होतो, कारण एकाच कागदावर अनेक कलमं असतात. मागणीची नोटीस म्हणून १५६, उशिराच्या व्याजासाठी २२०(२), दुरुस्तीसाठी १५४. यातलं कुठलं लिहायचं? ज्या कलमाखाली तो कागद निघाला ते, म्हणजे मथळ्यात ‘u/s’ च्या पुढे छापलेलं. तेही कंसासकट आणि पूर्ण. 143(1) आणि 143(1)(a) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात हिशेब झालेला असतो, आणि पैसे निघाले तर मागणीही लागलेली असते. दुसऱ्यात खातं फक्त म्हणतं की आम्ही अमुक बदल करणार आहोत, तुमचं म्हणणं ३० दिवसांत सांगा. तिथे मागणी अजून जन्मलेलीच नाही. अशा ओळीत रकमेचा रकाना रिकामा ठेवावा, शून्य लिहू नये. शून्याचा अर्थ ‘मागणी निघाली नाही’ असा होतो, आणि तो निर्णय अजून झालेला नाही. फोटोत शेवटचा लहान कंस सुरकुतीत गेला असेल, तर अंदाज न करता पार्टीकडून मथळ्याचा जवळून काढलेला फोटो मागवावा.

असेसमेंट इयर सोपं वाटतं, पण त्यातही फसगत होते. २०२२-२३ या आर्थिक वर्षातल्या कमाईचं असेसमेंट इयर २०२३-२४. कागदावर दोन्ही वर्षं असू शकतात. त्यात अधिकाऱ्याकडून येणाऱ्या नोटिशींवर ओळख क्रमांक, म्हणजे डिन, असतो. त्याची रचना `ITBA/AST/S/143(2)/2023-24/...` अशी असते. त्यातलं २०२३-२४ हे नोटीस निघाली ते आर्थिक वर्ष. नोटीस मात्र असेसमेंट इयर २०२२-२३ची असू शकते. क्रमांक ठळक, वरती आणि स्वच्छ छापलेला असल्यामुळे नजर तिथेच जाते आणि वर्ष चुकतं. कलम २४५च्या कागदावर तर दोन असेसमेंट इयर असतात: एक परताव्याचं, एक जुन्या थकबाकीचं. त्यासाठी मी शीटमध्ये दोन ओळी करतो. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असून त्यात ‘टॅक्स इयर’ हा शब्द आहे, पण आधीच्या वर्षांच्या नोटिशी जुन्याच कलमांनी आणि असेसमेंट इयरनेच येणार. म्हणून ‘कोणता कायदा’ असा एक छोटा रकाना वाढवला तर बरं.

आता शेवटची तारीख. काही नोटिशींवर ती छापलेली असते, उदाहरणार्थ १४२(१) मध्ये दिवस आणि वेळही दिलेली असते. सदोष विवरणपत्राच्या १३९(९) नोटिशीला १५ दिवस असतात. आपल्या इंटिमेशनमध्ये मात्र ‘मिळाल्यापासून ३० दिवसांत’ एवढंच. कधी मिळालं, हे फोटो सांगू शकत नाही. पार्टीला विचारलं तर ‘आजच बघितलं’ असं उत्तर येतं, आणि ई-मेल महिनाभर न उघडलेला पडून असतो. म्हणून शीटमध्ये तीन रकाने हवेत: कागदावरची तारीख, मुदतीचे दिवस आणि त्यांवरून काढलेली शेवटची तारीख. सुरक्षित बाजू म्हणून मोजणी कागदावरच्या तारखेपासून करावी. तो दिवस धरायचा नाही. ५ जून अधिक ३० म्हणजे ५ जुलै.

इथे शीट स्वतःच दगा देऊ शकतं. त्याचं लोकेल अमेरिकेचं असेल तर `05/06/2024` ते ६ मे समजतं, आणि मुदत ५ जूनला, म्हणजे नोटिशीवरच्या तारखेलाच, संपल्याचं दाखवतं. महिना बारापेक्षा मोठा नसल्यामुळे चुकीचा इशाराही येत नाही. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत ठेवावं, किंवा तारीख अशी लिहावी:

```
=DATE(2024,6,5)+30
```

हे ५ जुलै उलटलं तर दर महिन्याला, किंवा महिन्याच्या कुठल्याही भागाला, १ टक्का व्याज चालू होतं. १९,६८० वर ते महिन्याला १९६ रुपये. अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच असते, पण तिची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवावी, कारण पैसे भरणं आणि आव्हान देणं हे दोन निर्णय आहेत.

ओळ भरली की शेवटी पोर्टल उघडायचं. ‘Pending Actions’ मधल्या ‘Response to Outstanding Demand’ मध्ये हीच मागणी वर्ष आणि रकमेसकट दिसते. आणि तिथल्या नोंदीशी फोटोची ओळ जुळली नाही, तर मी शीटमध्ये पिवळा रंग देतो आणि पार्टीला एकच प्रश्न पाठवतो: ‘दुसऱ्या पानाचा फोटो आहे का?’ बऱ्याच वेळा तो काढलेलाच नसतो, कारण पहिल्या पानावर नाव दिसलं की त्यांना नोटीस पूर्ण झाल्यासारखी वाटते.