तपासलेल्या तीन पत्रांवरून गुणदानाचा तक्ता

नववीच्या मागणीपत्राचा 6 गुणांचा प्रश्न घेऊ. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके मागवायची आहेत. बाईंनी तीन पत्रे तपासून शेरे लिहिले आहेत आणि त्यावरून बाकीच्या परीक्षकांसाठी रुब्रिक, म्हणजे गुणदानाचा तक्ता, बनवायचा आहे.

पहिल्या पत्राला 5 गुण. पुस्तकांची नावे, प्रती, सवलतीची विनंती सगळे आहे, प्रारूप पूर्ण आहे, पण शुद्धलेखनाच्या चुकांभोवती लाल गोलच गोल. दुसऱ्याला 4. भाषा निर्दोष, प्रारूप पूर्ण, मजकुराशेजारी शेरा: 'कोणती? किती?' तिसऱ्याला अडीच. नावे आहेत, प्रतींची संख्या नाही, थोड्या चुका आणि वर 'दिनांक? विषय?'

गैरसमज: जिथे लाल शाई जास्त, तो निकष जड.

वस्तुस्थिती: पहिल्या पत्रावर सर्वाधिक खुणा आहेत आणि गुणही सर्वाधिक. चुकीचा शब्द दिसला की हात आपोआप गोल करतो. दुसऱ्या पत्रावर मात्र दोनच शब्दांचा शेरा आहे, तरी तिथे गुण जास्त कापले गेले. म्हणून शेऱ्यातून निकष शोधावा आणि त्याचे वजन गुणांतून.

गैरसमज: तीन पत्रांच्या गुणांवरून वजन नक्की ठरते.

वस्तुस्थिती: खरी अडचण इथेच आहे. आशय 3, प्रारूप 2, भाषा 1 असे धरा. पहिले पत्र 3+2+0, दुसरे 1+2+1, तिसरे 2+0+½. तिन्ही बेरजा जुळतात. आता आशय 4, प्रारूप 1, भाषा 1 धरा: 4+1+0, 2+1+1, 2+0+½. याही जुळतात! बेरीज पुन्हा पुन्हा तपासून यातला बरोबर तक्ता कळणार नाही. दोन्ही तक्ते जिथे वेगळे गुण देतील असे चौथे पत्र हवे: आशय पूर्ण, भाषा निर्दोष, पण दिनांक, विषय, पत्ता काहीच नाही. पहिला तक्ता 4 देतो, दुसरा 5. असे पत्र गठ्ठ्यातून शोधावे, नसेल तर स्वतः लिहावे, आणि तक्ता न दाखवता बाईंकडून तपासून घ्यावे. बाईंना 'प्रारूपाला किती महत्त्व देता?' असे विचारले तर बहुधा नियमातले उत्तर मिळते. तपासताना त्या काय करतात, ते पत्र हाती दिल्यावरच दिसते.

गैरसमज: तीन पत्रांतून सगळे स्तर मिळतात.

वस्तुस्थिती: अडीचच्या खाली एकही पत्र नाही आणि पूर्ण 6 चेही नाही. त्या रकान्यांतले वर्णन अंदाजाने लिहिलेले असते. तिथे 'अंदाज' अशी खूण हवी.

गैरसमज: तीच तीन पत्रे तक्त्याने पुन्हा तपासली आणि गुण जुळले, की काम झाले.

वस्तुस्थिती: तक्ता त्यांच्यावरच बेतलेला आहे, तो जुळणारच. न पाहिलेली काही पत्रे बाई आणि दुसरे शिक्षक यांनी एकमेकांचे गुण न बघता तपासावीत आणि एकूण गुणांऐवजी निकषवार फरक पाहावा. आशयातच वारंवार फरक पडत असेल, तर बहुतेक वेळा दोष 'मागणी स्पष्ट' अशा मोघम वर्णनाचा असतो. त्या जागी 'प्रत्येक पुस्तकाचे नाव आणि प्रतींची संख्या दिली आहे' असे लिहावे आणि तीच पत्रे सोडून नवी घ्यावीत.