शर्टवर शाई, ग्रीस आणि गंज : कोणत्या डागाला काय लावायचं?

चाकण, भोसरी किंवा पिंपरीच्या कंपन्यांमध्ये ट्रेनी म्हणून लागलात की दोन युनिफॉर्म मिळतात, आणि पहिल्याच महिन्यात त्यांची वाट लागते. माझ्या आकाशी शर्टावर एकाच आठवड्यात तीन डाग पडले : खिशात बॉलपेनची शाई, पोटावर मशीनचं काळं ग्रीस आणि बाहीवर रॅकचा तांबडा गंज. रूममेट म्हणाला, "अरे, ब्लीच टाक ना, सगळं निघतं." मी टाकलं. शाई थोडी फिकट झाली, ग्रीस जसंच्या तसं राहिलं, आणि गंज तर आधीपेक्षा गडद दिसायला लागला.

कारण सोपं आहे. एकाच ॲपमध्ये सगळ्या फाईल उघडत नाहीत ना, तसंच हे. ब्लीच रंग उडवतं. ग्रीस हा रंग नाही, ते तेल आहे. आणि गंज म्हणजे लोखंडाला ऑक्सिजन लागून झालेला पदार्थ. ब्लीच आणखी ऑक्सिडेशनच करतं, त्यामुळे गंज निघत नाही, उलट कापडात पक्का बसतो.

म्हणून आधी डाग ओळखायचा. धुण्याआधी दिवसाच्या उजेडात मोबाईलने फोटो काढून ठेवा, कारण कापड ओलं झालं की ग्रीस दिसतच नाही. जुनं ग्रीस आणि गंज दोन्ही तपकिरी वाटले तर डागावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा वर थांबला तर तेलकट डाग. लगेच जिरला आणि कडा नारिंगी दिसल्या तर बहुतेक गंज.

गुरुवारच्या सुट्टीला मी दुसऱ्यांदा बसलो. आधी ग्रीस. कोरड्या कापडावरच भांडी घासायचं लिक्विड थेट टाकलं, पाणी न घालता. पाणी आधी घातलं की लिक्विड पातळ होतं आणि त्याचा जोर कमी होतो. बोटाने हलकं चोळून १५ मिनिटं ठेवलं, मग कोमट पाण्याने धुतलं. आमच्या शर्टात पॉलिएस्टर आहे आणि पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं, म्हणून हे दोनदा करावं लागलं. तरी एक करडी सावली राहिली. ती तेलाची नाही, ग्रीसमधल्या बारीक धातूच्या कणांची. ती पुढच्या काही धुण्यांत फिकी होत जाते, ब्रशने घासून कापड खराब करू नका. (पेट्रोलने काढणारे महाभाग आमच्या मजल्यावर आहेत. खोलीत गॅस असताना हे अजिबात नको, वाफ पेट घेते.)

शाईला अल्कोहोल. बॉलपेनची शाई तेलकट द्रावणात विरघळवलेला रंग असते, त्यामुळे साबणाला ती दाद देत नाही, सॅनिटायझरला देते. पाण्यासारखा पातळ, बिनरंगी सॅनिटायझर घ्या. खिशात जुना कपडा घातला, शर्टाच्या उलट बाजूने कापसाने टिपत गेलो, खालचा कपडा सरकवत राहिलो. चोळलं तर डाग पसरतो. कापसावर निळा रंग येणं थांबेपर्यंत टिपायचं, मग साबणाने धुवायचं. जेल पेनची शाई मात्र वेगळी : त्यात बहुधा न विरघळणारे रंगकण असतात, तिथे अल्कोहोलने फारसा फरक पडत नाही.

गंजाला आम्ल लागतं. किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं. एक कप कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून बाहीचा तेवढाच भाग त्यात अर्धा तास बुडवला. सायट्रिक ॲसिड लोखंड सोडवून पाण्यात धरून ठेवतं, म्हणून पाणी पिवळसर व्हायला लागलं की समजा काम चालू आहे. माझ्या ब्लीच खाल्लेल्या डागाला तीन वेळा करावं लागलं. नंतर भरपूर पाण्याने धुवा. आम्ल कापडातच सुकलं तर सूत कमजोर होतं. शर्ट रंगीत असेल तर आधी आतल्या शिवणीवर थोडं लावून रंग जातो का बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : आधी ब्लीच टाकलं असेल तर ते पूर्ण धुऊनच आम्ल लावा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो घशाला, फुप्फुसांना इजा करतो.

इस्त्री सगळ्यात शेवटी. उष्णतेने उरलेलं तेल आणि शाई पक्की बसते. मी आधी शर्ट वाळवला, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पोटाचा भाग पाहिला, पहिला फोटो शेजारी उघडला. बाही स्वच्छ होती, खिसा स्वच्छ होता. ग्रीसची सावली आहे, पण हातभर अंतरावरून दिसत नाही. सोमवारी तोच शर्ट घालून गेलो.