निवेदकाच्या तोंडी बसणारी जाहिरात

पॉडकास्टवर क्लासची जाहिरात करायची ठरली की संस्थेकडून बहुधा असा मजकूर येतो : ‘महाराष्ट्रातील अग्रगण्य संस्था, अनुभवी प्राध्यापकवृंद, यशाची उज्ज्वल परंपरा, मर्यादित जागा, आजच प्रवेश निश्चित करा.’ फ्लेक्सवर हे खपून जातं. पण अर्धा तास गप्पा मारल्यासारखा बोलणारा निवेदक हेच वाचू लागला की त्याचा आवाज एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकासारखा होतो आणि ऐकणारा पुढे सरकवतो.

यावर लेखक पहिला उपाय करतात तो वाक्यांत ‘म्हणजे बघा’, ‘खरं सांगू का’ पेरण्याचा. त्यानं काम होत नाही, कारण अडचण बोलीची नसून मजकुराची आहे. ‘उज्ज्वल परंपरा’ निवेदकानं पाहिलेलीच नसते. त्यामुळे लिहिण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते : या संस्थेबद्दल निवेदकाला स्वतःला काय ठाऊक आहे?

उदाहरण घेऊ. निवेदक ग्रामीण प्रश्नांवर पॉडकास्ट करतो, पूर्वी पत्रकार होता. प्रायोजक आहे एमपीएससीचा क्लास आणि त्याला विकायची आहे उत्तरलेखनाची सराव मालिका. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यानं या मालिकांना मागणी आहे. निवेदकानं ही परीक्षा कधी दिलेली नाही, तेव्हा ‘मला खूप फायदा झाला’ हे वाक्य बाद. मग क्लासकडून तपासलेली एक उत्तरपत्रिका मागवायची. विद्यार्थ्याची संमती घेऊन, नाव झाकून. ती निवेदकानं वाचायची आणि त्याला जे वाटलं ते फोनवर बोलून घ्यायचं. संहितेचा कच्चा माल हाच. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरले तर पाऊण मिनिटाची जाहिरात अशी होते :

‘आता जाहिरात. या भागाचा प्रायोजक एक एमपीएससी क्लास आहे, आणि त्यांनी आम्हाला याचे पैसे दिलेत. मी ही परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे क्लास कसा आहे ते मी सांगणार नाही. पण त्यांनी तपासलेली एक उत्तरपत्रिका मी मागून घेतली. प्रश्न होता दुष्काळावरच्या उपायांचा. मुलानं पहिला अख्खा परिच्छेद व्याख्येत घालवला होता. समासात शेरा होता : उपाय विचारलेत, व्याख्या दोन ओळींत संपव. माझे संपादक मला हेच सांगायचे. तुमचं उत्तर असं कुणी वाचून देत असेल, तर प्रश्नच नाही. नसेल, तर यांच्या मालिकेतला पहिला पेपर फुकट लिहिता येतो. तो लिहा, शेरे वाचा, मग पैशांचं ठरवा. फी आणि वेळापत्रक खालच्या लिंकवर आहे.’

यात क्लासचं नाव सुरुवातीला एकदा येईल. फोन नंबर मुद्दाम घेतलेला नाही. चालत्या बसमध्ये कुणी तो लिहून घेत नाही.

संस्थेची पहिली दुरुस्ती ठरलेली असते : ‘आमचे इतके विद्यार्थी अधिकारी झाले’ हे घाला. इथे कायदा लेखकाच्या बाजूनं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी उमेदवाराचं नाव वापरायचं तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्यानं कोणता कोर्स, किती काळ, फी भरून केला की फुकट, हेही सांगायला हवं. कारण अनेक ठिकाणी यादीतल्या बहुतेकांनी तिथे फक्त मुलाखतीचं मोफत मार्गदर्शन घेतलेलं निघालं होतं. निकालाची हमी देता येत नाही. जागा संपत आल्याची खोटी घाईही चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून निवेदकानं ज्याची खातरजमा केलेली नाही तो आकडा संहितेतून जातो. पैसे घेतल्याचं वाक्य मात्र राहतं, तेही सुरुवातीला आणि मराठीतच.

शेवटची तपासणी ध्वनिमुद्रणाच्या वेळी होते. निवेदकाला आधी संहिता दोनदा वाचू द्यायची, मग कागद बाजूला ठेवून फक्त चार मुद्द्यांवर बोलायला सांगायचं. जो शब्द तो दोन्ही वेळा अडखळत वाचतो आणि कागदाविना वापरतच नाही, तो काढायचा. आपल्या उदाहरणात बहुधा ‘वेळापत्रक’ गळेल आणि तो ‘पेपर कधी कधी आहेत’ असं म्हणेल. तसंच ठेवायचं. पैसे घेतल्याचं वाक्य गळलं, तर मात्र पुन्हा रेकॉर्ड करायचं.