वीस किलोमीटरचे वर्तुळ चार किलोमीटरचे कसे होते?

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या ध्रुवीय मोहिमांची सूत्रे तिथून हलतात. भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन स्थानक 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर, नी-ओलेसुंड नावाच्या छोट्या वस्तीत आहे. ही वस्ती जवळजवळ 79 अंश उत्तर अक्षांशावर येते. तिथे पाऊल ठेवणाऱ्याला मोबाइलचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला लावतात. नॉर्वेच्या भूमापन खात्याच्या मोठ्या अँटेना तिथे अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वेसारांकडून येणारे अतिक्षीण रेडिओसंदेश टिपतात आणि त्यांवरून पृथ्वीचा आकार व तिचे फिरणे मोजले जाते. या कामात खंड पडू नये म्हणून वस्तीभोवती 20 किलोमीटरच्या त्रिज्येत 2 ते 32 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडणाऱ्या उपकरणांवर निर्बंध आहेत.

आता हे 20 किलोमीटरचे वर्तुळ नकाशावर काढायचे आहे असे समजू. काम सोपे वाटते. QGIS या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा पार्श्वभूमीला लावायचा, नी-ओलेसुंडवर एक बिंदू ठेवायचा आणि बफर काढण्याच्या साधनात 20000 मीटर हा आकडा भरायचा. बिंदूची लेयरही पार्श्वभूमीच्याच प्रक्षेपणात, म्हणजे EPSG:3857 मध्ये असेल, तर पडद्यावर एक सुबक वर्तुळ उमटते. तक्रार नाही, इशारा नाही. पण प्रत्यक्ष जमिनीवर त्या वर्तुळाची त्रिज्या भरते सुमारे 3.85 किलोमीटर. जिथे 1257 चौरस किलोमीटरचा परिसर राखायला हवा होता, तिथे नकाशाने जेमतेम 47 चौरस किलोमीटर राखला.

सॉफ्टवेअर बिघडलेले नाही. त्याने सांगितलेले काम चोख केले, फक्त त्याने वापरलेला मीटर जमिनीवरचा नव्हता.

पृथ्वीवरची रेखावृत्ते लाल भोपळ्यावरच्या खाचांसारखी असतात. मध्यावर त्यांच्यात भरपूर अंतर असते आणि देठाकडे जाताना त्या एकमेकींच्या जवळ येत एका बिंदूत मिळतात. विषुववृत्तावर दोन रेखावृत्तांमध्ये एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर अंतर असते. 60 अंशांवर ते निम्मे होते आणि नी-ओलेसुंडला 21 किलोमीटरच्या आसपास उरते. वेब नकाशात मात्र सगळी रेखावृत्ते उभी, समांतर आणि सारख्या अंतरावर काढलेली असतात. म्हणजे जमिनीवरच्या 21 किलोमीटरांना कागदावर 111 किलोमीटरांची जागा दिलेली असते. पूर्व-पश्चिम दिशेने नकाशा पाचपटींहून जास्त ताणला गेला.

एवढ्यावरच थांबले तर तिथली प्रत्येक चौकोनी इमारत आडवी पसरलेली दिसेल. म्हणून प्रक्षेपण दुसरी तडजोड करते. त्या ठिकाणी जेवढा आडवा ताण, तेवढाच उभा ताणही द्यायचा. त्यामुळे छोट्या भागाचे आकार आणि कोन शाबूत राहतात, पण प्रमाण ठिकाणागणिक बदलत जाते. हा ताण म्हणजे अक्षांशाच्या कोसाइनने 1 ला भागून येणारा आकडा. विषुववृत्तावर तो 1, 60 अंशांवर 2, नी-ओलेसुंडला सुमारे 5.2 आणि ध्रुवावर अनंत. त्यामुळेच वेब नकाशे सुमारे 85 अंशांवर कापून टाकलेले असतात आणि खरा ध्रुव त्यांत कधीच दिसत नाही.

ही युक्ती जेरार्डस मर्केटर याची. 1569 मध्ये त्याने ती खलाशांसाठी वापरली. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत येतो, आणि दर्यावर्दींना क्षेत्रफळापेक्षा दिशेची गरज जास्त होती. आजच्या वेब नकाशांनी तिचेच सोपे रूप उचलले, त्याची कारणे वेगळी होती. सगळे जग एका चौरसात बसते. त्या चौरसाचे चार, मग सोळा, असे तुकडे पाडत हवे तेवढे जवळ जाता येते. शिवाय उत्तर कायम वरच राहते आणि काटकोनात मिळणारे रस्ते काटकोनातच दिसतात. पत्ता शोधणाऱ्याला हे पुरेसे आहे. मोजणी करणाऱ्याला मात्र नाही.

मग गूगल मॅप्सवर दोन ठिकाणांमधले अंतर मोजले तर तेही चुकीचे येते का? नाही. तिथले मोजण्याचे साधन पडद्यावरची लांबी घेत नाही. ते दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचे अंतर काढते. चूक होते ती सॉफ्टवेअर EPSG:3857 मधल्या x आणि y या आकड्यांची थेट वजाबाकी करते तेव्हा. स्वालबार्डमधल्या लाँगइयरब्येन शहरापासून नी-ओलेसुंड सरळ रेषेत सुमारे 114 किलोमीटर आहे. तीच दोन ठिकाणे वेब प्रक्षेपणात घेऊन वजाबाकी केली की उत्तर 574 किलोमीटरच्या घरात येते. बफर, क्षेत्रफळ, 'जवळचे पाच बिंदू अमुक अंतराच्या आत शोधा' अशा सगळ्या कामांमागे हीच वजाबाकी असते.

ही चूक ओळखायची कशी? पहिली खूण आकड्यांतच असते. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर जवळपास 10,000 किलोमीटर, म्हणजे एक कोटी मीटर आहे. त्यापेक्षा उत्तरेला जमीनच नाही. पण EPSG:3857 मध्ये नी-ओलेसुंडचा y आकडा 1 कोटी 48 लाखांच्या पुढे जातो. विषुववृत्तापासून 14,800 किलोमीटर उत्तरेला असलेले गाव या पृथ्वीवर असू शकत नाही, तेव्हा हे मीटर जमिनीचे नव्हेत हे उघड आहे. दुसरी खूण QGIS च्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये सापडते. एकाच आकृतीचे क्षेत्रफळ दोन प्रकारे मागायचे:

```
$area
area($geometry)
```

प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये विवृत्ताभ, म्हणजे ध्रुवांशी किंचित चपट्या पृथ्वीचे मापन, निवडलेले असेल तर पहिले सूत्र त्या पृथ्वीवरचे क्षेत्रफळ देते. दुसरे नकाशाच्या सपाट कागदावरचे. आपल्या फसलेल्या वर्तुळासाठी पहिले सुमारे 47 आणि दुसरे सुमारे 1257 चौरस किलोमीटर सांगेल, अर्थात एकके चौरस मीटरमध्ये असतील तर त्या हिशेबाने. दोन उत्तरांत एवढी तफावत दिसली की प्रक्षेपण बदलायची वेळ आली असे समजावे.

बदलायचे ते स्थानिक प्रक्षेपणात. सगळ्या जगाला एकाच कागदावर बसवायचा हट्ट सोडला की ताण फार कमी करता येतो. यूटीएम ही पद्धत नेमके हेच करते. ती पृथ्वीचे साधारणपणे 6 अंश रुंदीचे 60 उभे पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्यासाठी त्याच्या मधल्या रेखावृत्ताला धरून वेगळा नकाशा काढते. स्वालबार्डसाठी पट्टे अपवाद म्हणून रुंद केले आहेत आणि नी-ओलेसुंड 33 क्रमांकाच्या पट्ट्यात येते. त्याचा कोड EPSG:32633. तिथे y आकडा 87.6 लाखांच्या आसपास दिसतो, जो खऱ्या अंतराशी जुळतो. या पट्ट्यात 20 किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्रिज्येत चूक राहते सुमारे 7 मीटरची.

इथे एक सापळा आहे. लेयरवर उजवी क्लिक केली की "Set Layer CRS" असा पर्याय दिसतो. त्यातून कोड बदलला तर आकडे तेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते आणि बिंदू भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. आकडे खरोखर नव्याने काढून घ्यायचे असतील तर "Reproject layer" हे साधन वापरावे, किंवा "Save Features As…" मध्ये नवा कोड निवडून वेगळी फाइल करावी. बफर त्या नव्या फाइलवर काढायचा. नंतर तो वेब नकाशावर टाकला तरी चालतो. तिथे तो 100 किलोमीटरहून जास्त त्रिज्येचा भासेल, पण जमिनीवर 20 किलोमीटरच असेल.

प्रश्न एकाच बिंदूपासूनच्या अंतराचा असेल तर त्या बिंदूलाच केंद्र करून प्रक्षेपण तयार करता येते. QGIS मध्ये सानुकूल प्रक्षेपण म्हणून ही ओळ भरता येते:

```
+proj=aeqd +lat_0=78.925 +lon_0=11.92 +datum=WGS84 +units=m
```

यात केंद्रापासून कुठल्याही दिशेचे अंतर खरे येते, त्यामुळे ती 7 मीटरांची चूकही उरत नाही. मात्र केंद्र सोडून इतर दोन ठिकाणांमधले अंतर जितके दूर जावे तितके बिघडत जाते.

स्थानिक प्रक्षेपण त्याच्या हद्दीतच खरे असते. यूटीएमचे पट्टे 84 अंश उत्तरेला संपतात. त्यापुढे ध्रुवाला मध्यभागी ठेवणारी वेगळी प्रक्षेपणे लागतात. अंटार्क्टिकावरची भारताची मैत्री आणि भारती ही स्थानके एकमेकांपासून सरळ रेषेत सुमारे 2300 किलोमीटर दूर आहेत. इतक्या लांबच्या अंतरासाठी कुठलाही सपाट कागद न वापरता अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या पृष्ठभागावरचेच अंतर काढणे योग्य.

ही भानगड फक्त बर्फाळ प्रदेशांची आहे असे मानून महाराष्ट्रात निश्चिंत राहता येत नाही. पुण्याच्या अक्षांशावर वेब प्रक्षेपणाचा ताण पाच-सहा टक्के आहे, आणि क्षेत्रफळात तो दोन्ही बाजूंनी लागत असल्याने एक हेक्टर शेत 11 ते 12 टक्क्यांनी मोठे दिसते. नागपुरात चूक आणखी वाढते. स्वालबार्डमधली पाचपट चूक पाहताक्षणी खटकते, पण एका हेक्टरमागची ही अकरा-बारा गुंठ्यांची वाढ कुणाच्या लक्षातही येत नाही आणि अहवालात तशीच राहते.

उपाय इथेही तोच. गोवा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याचा बहुतेक भाग आणि अकोला-अमरावतीपर्यंतचा प्रदेश यूटीएमच्या 43 व्या पट्ट्यात, म्हणजे EPSG:32643 मध्ये येतो. 78 अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडचे वर्धा आणि नागपूर 44 व्या पट्ट्यात, EPSG:32644 मध्ये. काम या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरले असेल तर एकच पट्टा ठरवून सगळ्या लेयर त्यात घ्याव्यात. रेषेच्या थोडे पलीकडे गेल्याने येणारी चूक वेब नकाशाच्या चुकीच्या मानाने नगण्य असते. आणि अहवालात क्षेत्रफळ लिहिताना ते कोणत्या प्रक्षेपणात मोजले हेही शेजारी लिहावे, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाचा आकडा जुळला नाही तर आधी कुठे पाहायचे ते त्याला कळेल.