एकशे सत्तर जणांसाठी लिहिलेलं एक वाक्य

२० डिसेंबर २०१३. न्यूयॉर्कमधली तीस वर्षांची एक तरुणी नाताळच्या सुट्टीत नातलगांना भेटायला केपटाऊनला निघाली होती. एका मोठ्या इंटरनेट कंपनीत ती जनसंपर्क विभागाची वरिष्ठ अधिकारी होती. लोकांपुढे काय बोलावं आणि काय बोलू नये, हाच तिचा व्यवसाय. प्रवासात कंटाळा येऊ नये म्हणून ती ट्विटरवर अधूनमधून टवाळखोर वाक्यं लिहीत होती. न्यूयॉर्कहून निघताना तिनं एका सहप्रवाशाच्या अंगाच्या वासावर लिहिलं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर थांबल्यावर इंग्रजांच्या दातांवर लिहिलं. तिचे अनुयायी होते जेमतेम १७०, आणि कुणी फारसं उत्तरही देत नव्हतं.

पुढच्या विमानात बसण्याआधी तिनं शेवटचं वाक्य टाकलं. आपण आफ्रिकेला चाललो आहोत, एड्स होणार नाही अशी आशा आहे. छे, गंमत केली, मी तर गोरी आहे, अशा अर्थाचं. अर्धा तास ती विमानतळावर फिरली, पण कुणीच दखल घेतली नाही. मग तिनं फोन बंद केला आणि अकरा तासांच्या विमानप्रवासात झोपून गेली.

(तिचं नाव जगभर छापून झालं आहे. त्या नावाला शिक्षा भोगावी लागली ती पुरेशी आहे, म्हणून इथं ते दिलेलं नाही.)

ती झोपलेली असताना कुणीतरी ते वाक्य सॅम बिडल या पत्रकाराला ईमेलनं कळवलं. बिडल तंत्रज्ञान-जगतातल्या भानगडींवर लिहीत असे आणि ट्विटरवर त्याचे सुमारे पंधरा हजार अनुयायी होते. त्यानं ते पुढे पाठवलं, शिवाय आपल्या साइटवरही छापलं. या कथेतला खरा वळणबिंदू इथं आहे. १७० जणांपर्यंत पोचलेलं वाक्य तिथंच विरून गेलं असतं. ते पसरलं, कारण मोठा श्रोतृवर्ग असलेल्या एका माणसानं ते उचललं, आणि त्याच्या वाचकांमध्ये असे अनेकजण होते ज्यांचे स्वतःचे हजारो वाचक होते. ट्विटरनं २००९ च्या अखेरीस रीट्वीटचं बटण आणलं होतं. त्याआधी दुसऱ्याचं वाक्य पुढे पाठवायचं तर ते उतरवून घ्यावं लागे, आणि तेवढ्या वेळात विचार करायला थोडी उसंत मिळे. बटणानं ती उसंतही घेतली.

काही तासांत ते वाक्य ट्विटरवर जगभरात सर्वाधिक चर्चेचं झालं. ती विमानात आहे हे लोकांना कळल्यावर संतापात उत्सुकता मिसळली. ‘उतरली का ती?’ असा हॅशटॅग निघाला. लोक विमानाचा मार्ग पाहत बसले. विमानात इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीनं तर या प्रसंगाचा वापर करून आपल्या सेवेची जाहिरात केली. नंतर तिला माफी मागावी लागली. तिच्या मालक कंपनीनं निषेधाचं निवेदन काढलं आणि ती सध्या संपर्काबाहेर आहे असं सांगितलं. म्हणजे नोकरी जाणार, हे तिच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं.

केपटाऊनला विमान उतरलं आणि तिनं फोन सुरू केला. पहिला संदेश शाळेनंतर कधीच न बोललेल्या एका ओळखीच्या व्यक्तीचा होता: जे चाललंय ते पाहून वाईट वाटतं, असा. नेमकं काय चाललंय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या जिवलग मैत्रिणीनं तिचं खातंच मिटवून टाकलं, पण तोवर चित्रं साठवली गेली होती आणि मिटवण्याला अर्थ उरला नव्हता. एकजण खास विमानतळावर जाऊन तिचे फोटो काढून आला.

लोकांचा राग खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा साठ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत होते. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या थाबो म्बेकी सरकारनं औषधं देण्यात चालढकल केली. त्यात तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे. ज्या घरात असा मृत्यू झाला, तिथं हे वाक्य विनोद म्हणून वाचलं जाणं शक्यच नव्हतं. ब्रिटिश लेखक जॉन रॉन्सन यांना तिनं नंतर सांगितलं, की जगाच्या दुःखापासून सुरक्षित असलेल्या गोऱ्या अमेरिकनांच्या बेफिकिरीचीच ती थट्टा होती. तिला ओळखणाऱ्या १७० जणांना ते कदाचित समजलं असतं. अनोळखी माणसाकडे मात्र फक्त वाक्य पोचतं. बोलणाऱ्याचा सूर, स्वभाव आणि आधीची चार वाक्यं मागेच राहतात.

आणि पुढे पोचतं ते बहुधा सर्वात भडक तेवढंच. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बंदूक-नियंत्रण, समलिंगी विवाह, हवामानबदल या विषयांवरची पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासली. नीती आणि भावना दोन्ही व्यक्त करणारा प्रत्येक शब्द ट्वीटचा प्रसार साधारण वीस टक्क्यांनी वाढवतो, असं त्यांना आढळलं. म्हणून ‘बेफिकीर वाक्य’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘घृणास्पद वंशद्वेष’ म्हणणारा पुढे जातो, आणि त्याच्यामागून येणाऱ्याला त्याहून कडक शब्द शोधावा लागतो.

आपल्याकडचं उदाहरण याच्या वर्षभर आधीचं, पण वेगळ्या जातीचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद असण्यावर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीनं फक्त ‘लाइक’ केलं. जमावानं तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. तो बेफिकीरपणा नव्हताच, ते मत होतं. पुढे संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला बंद झाला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. पालघरमध्ये चूक दुरुस्त करायला न्यायालय होतं. न्यूयॉर्कच्या तरुणीला ज्यांनी शिक्षा दिली, त्यांच्याविरुद्ध दाद मागायला जागाच नव्हती.

तिची नोकरी लगेच गेली. ज्या हॉटेलांत तिनं खोली घेतली होती, तिथले कर्मचारी संपाची धमकी देऊ लागले, म्हणून सुट्टी अर्धवट टाकावी लागली. दक्षिण आफ्रिकेतले तिचे नातलग वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या पक्षाचे समर्थक. त्यांच्यापुढे उभं राहणं तिला सर्वात जड गेलं. पुढे काही काळ तिनं इथिओपियात मातामृत्यू रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काढला.

बिडलची गोष्टही इथं संपत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यानं स्वतःच दादागिरीवर एक उथळ विनोदी ट्वीट टाकलं. त्यावर संघटित मोहीम झाली, त्याच्या कंपनीच्या जाहिराती गेल्या. त्या डिसेंबरात त्यानं लेख लिहून त्या तरुणीची जाहीर माफी मागितली. ती तोवर त्याला भेटलीही होती.

माझ्या मते या घटनेत सर्वात मोठी जबाबदारी पंधरा हजार वाचक असलेल्या माणसाची होती, कारण तो जागा होता आणि ती झोपलेली होती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवरच्या गटांत आज तेवढी ताकद आहे. अनोळखी माणसाचं एखादं संतापजनक वाक्य समोर आलं, तर पुढे पाठवण्याआधी त्याची तारीख आणि त्याच व्यक्तीची आधीची चार वाक्यं उघडून पाहा. आणि आपणच सापडलात तर वाक्य नुसतं मिटवून गप्प राहू नका: सबबी न देता थोडक्यात माफी मागा, धमक्यांची चित्रं जपून ठेवा, त्यांची तक्रार cybercrime.gov.in वर करा, आणि फोन काही काळ विश्वासातल्या माणसाच्या हाती द्या.