चिखलात झोपणारा मासा

नगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पाझर तलाव आटत आले, की तळाच्या ओल्या चिखलात मरळ मिळते. तीही वर येऊन हवा घेते, म्हणून तग धरते. पण चिखल पार वाळला की खेळ खलास. आफ्रिकेतला फुप्फुसमासा, म्हणजे प्रोटोप्टेरस, पुढे काय करतो ते वाचून मी थक्क झालो.

तळं आटू लागलं की तो तोंडात चिखल घेतो आणि कल्ल्यांच्या फटींतून मागे टाकतो. असं बीळ खणून खाली गेला की तिथेच वळतो, तोंड वर करतो आणि शेपटी डोक्यावर ओढून घेतो. अंगातून सुटलेला बुळबुळीत द्राव वाळला की त्याचं कागदासारखं वेष्टन होतं. भोक फक्त तोंडापाशी. तिथून हवा थेट फुप्फुसात!

आता प्रश्न पोटाचा. हृदयाचे ठोके मंदावतात, तरी स्नायूंतली प्रथिनं जळत राहतात आणि त्यातून विषारी अमोनिया तयार होतो. एरवी तो पाण्यात निघून जातो, इथे पाणीच नाही. म्हणून यकृत त्याचा युरिया बनवतं. तो बराच कमी विषारी असतो, त्यामुळे पाऊस येईपर्यंत अंगात साठवता येतो.

पाणी आलं की वेष्टन भिजतं, मासा बाहेर येतो. गंमत म्हणजे त्याचे कल्ले इतके खुरटे, की पाण्यावर तोंड काढू दिलं नाही तर हा मासा चक्क बुडून मरतो. त्याच्या ऑस्ट्रेलियन भाऊबंदाला तर ही झोप जमतच नाही. तळं पूर्ण आटलं की त्याचीही गत आपल्या मरळीसारखीच.